शेवटचा किलो

मिशिगन विद्यापीठाच्या कुस्ती संघातला २१ वर्षांचा एक मल्ल ९ डिसेंबर १९९७ रोजी रबराचा सूट अंगावर चढवून सरावाला उतरला. रबराच्या सूटवर त्याने सुती ट्रॅकसूट घातला होता. खोलीचं तापमान ३३ अंशांच्या आसपास ठेवलेलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला त्याचं वजन ८१-८२ किलो होतं, आणि त्याला ६८-६९ किलोच्या गटात बसायचं होतं. त्यातलं बरंचसं वजन आधीच्या काही आठवड्यांत उतरलं होतं, पण पाच किलोंच्या आसपासचा भाग शेवटच्या चार दिवसांत काढला जात होता. थोडा वेळ व्यायाम, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा व्यायाम, असं चाललं होतं. काही वेळाने त्याचे पाय लटपटायला लागले, बोलणं थांबलं आणि हृदय बंद पडलं. पुढच्या तपासणीत स्नायूंच्या पेशी फुटून रक्तात मिसळल्याचं दिसलं. मूत्रपिंडं आणि हृदय यांना तो भार पेलला नव्हता.

त्या महिन्याभरातला तो तिसरा मृत्यू होता. ७ नोव्हेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्पबेल विद्यापीठाचा १९ वर्षांचा मल्ल गेला होता, आणि २१ नोव्हेंबरला विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसचा २२ वर्षांचा. तिघेही रबराच्या सूटमध्ये, गरम जागेत व्यायाम करत होते. तिघांनाही वजनकाट्यावर उभं राहायचं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी १९९८मध्ये या तिन्ही घटना एकत्र छापल्या, आणि त्या अहवालात खुनाचा, उत्तेजकांचा किंवा एखाद्या छुप्या हृदयविकाराचा आधार शोधण्याची गरज पडली नाही. घाम काढणं हेच कारण पुरेसं होतं.

घामाने माणूस मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं. उन्हाळ्यात घाम येतो म्हणूनच तर आपण टिकतो. खरी गोम इथेच आहे. घाम थंड करतो तो वाहिल्याने नव्हे, उडाल्याने. माठाला प्लास्टिक गुंडाळून ठेवा, पाणी कोमटच राहील. रबराचा सूट नेमकं हेच करतो. आत घामाच्या धारा लागतात, काट्यावर वजन घटलेलं दिसतं, पण त्यातला एक थेंबही उडून अंग थंड करत नाही. पैलवान पाणी गमावतो आणि थंडावाही गमावतो.

याचा हिशेब करून पाहता येतो. जोमाने व्यायाम करणारा ७० किलोंचा माणूस तासाला साधारण ६०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातली तीन-चतुर्थांश, म्हणजे ४५० किलोकॅलरी, निव्वळ उष्णता होते. त्या देहाचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. बाहेर काहीच जाऊ दिलं नाही तर दर आठ मिनिटांनी एक अंश चढतो. ३७ पासून ४० पर्यंत पोहोचायला अर्धा तासही लागत नाही. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटतेच, म्हणून बहुतेक जण वाचतात. पण त्या वाचण्याला फार आधार नसतो.

आता दुसरी बाजू. घाम येतो कुठून? रक्तातून. रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटरचा असतो. घामग्रंथी तिथून पाणी घेतात, मग आजूबाजूच्या पेशींतून थोडं पाणी रक्तात येतं, पण ते तेवढ्या वेगाने येत नाही. रक्त कमी झालं की प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या हाताशी कमी रक्त लागतं आणि ते जास्त वेळा धडधडतं. त्या थोड्या रक्तासाठी दोन दावेदार उभे राहतात. स्नायूंना ते कामासाठी हवं असतं, त्वचेला अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. तंगी वाढली की शरीर त्वचेकडचा पुरवठा आवळतं. घाम कमी होतो, उष्णता आतच राहते.

म्हणून पहिला किलो आणि शेवटचा किलो सारखा नसतो. पहिला किलो निघतो तेव्हा आत भरपूर पाणी असतं आणि मीठ कमी केल्यानेही थोडा निघून जातो. शेवटचा किलो निघतो तेव्हा ज्या यंत्रणेने तो काढायचा तीच बंद पडायला आलेली असते. पॅरिस ऑलिंपिकची ती रात्र आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे. ६ ऑगस्ट २०२४ला विनेश फोगाटने ५० किलो गटात तीन लढती जिंकल्या. त्यात जपानच्या यूई सुसाकीवरचा विजयही होता. त्या दिवशी लढतींमध्ये टिकायला थोडंफार खावं-प्यावं लागलं आणि संध्याकाळी वजन २.७ किलोंनी जास्त निघालं. तिचे प्रशिक्षक वॉलर अकोश यांनी नंतर समाजमाध्यमावर लिहिलं की, ऐंशी मिनिटांच्या व्यायामानंतर दीड किलो उरलं, पन्नास मिनिटं सॉनात बसवूनही घामाचा एक थेंब आला नाही, आणि मग मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यंत्रांवर झुंज चालू राहिली. मध्ये ती कोसळली. सकाळी काटा १०० ग्रॅमनी पुढे होता. चर्चा त्या १०० ग्रॅमची झाली, केस कापण्याची झाली, न्यायाची झाली. कोरड्या पडलेल्या त्वचेवर मात्र फारशी झाली नाही. सॉनात घाम न येणं ही शरीराने दिलेली जाहीर सूचना असते की आता थांबा.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन दोन्ही दिवशी सकाळी होतं, ते रात्रभरात मोठी उडी मारण्याला आळा बसावा म्हणून. पहिल्या दिवशी जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही तोच काटा पार करावा लागतो. आळा बसलाही, पण पहिल्या रात्रीतच पुन्हा घाम काढण्याची सक्ती आली. व्यावसायिक बॉक्सिंग आणि मिश्र युद्धकला यांत वजन बहुतेकदा लढतीच्या आदल्या दिवशी होतं. तिथे पाणी भरून काढायला वेळ मिळतो, म्हणून मुद्दाम जास्त पाणी काढलं जातं. नियम कसाही केला तरी पैलवान त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो.

ऑलिंपिकच्या मल्लाजवळ निदान डॉक्टर असतो. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत १४, १७, १९ वर्षांखालचे गट वजनाने पडतात, आणि तालमीतल्या मुलाजवळ बहुधा वस्ताद असतो, त्याच्या जोडीला एक दोस्त. मातीच्या मैदानात जोड नजरेने लावतात, किलोचा प्रश्न येत नाही. गादीवर येतो, आणि गट कोणता घ्यायचा हे मुलगा ठरवत नाही. वस्ताद ठरवतो, घरचे दुजोरा देतात. सहा महिन्यांपूर्वी गट लिहून झालेला असतो आणि मधल्या काळात मुलगा वाढतो. पंधरा वर्षांच्या मुलाने वर्षात चार-पाच किलो कमावणं ही निसर्गाची ठरलेली वाट आहे. मग घाम काढून त्याला मागच्या वर्षीच्या वजनात बसवतात. अमेरिकेतल्या शालेय मल्लांवर झालेल्या अभ्यासांत हंगामादरम्यान वाढीला लागणारी संप्रेरकं मंदावल्याचं आणि हंगाम संपल्यावर ती पूर्ववत झाल्याचं दिसलं. म्हणजे एका हंगामाने कायमचं नुकसान होईलच असं नाही. पण वर्षाला दोन-तीन हंगाम असतील तर पूर्ववत व्हायला वेळ उरत नाही. मुलींची पाळी चुकायला लागली तर ती वजनाचीच खूण समजावी, तपासणीला उशीर करू नये.

घाम काढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर आणि बोलण्यावर लक्ष ठेवावं. लघवी गडद होणं, पोटऱ्यांत गोळे येणं ही पहिली पायरी. चालताना पाय फाकणं, नाव विचारल्यावर भलतंच उत्तर देणं, उकाड्यात थंडी वाजून शहारणं, चिडचिड किंवा एकदम गप्प होणं ही पुढची. भर उष्णतेत अंग कोरडं पडलं असेल तर वाट पाहायचीच नाही, मात्र अंग घामाने भिजलेलं असलं म्हणून उष्माघात नाही असंही समजू नये. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदू भांबावलेला, एवढं पुरे. अशा वेळी लोक मुलाला गाडीत घालून दवाखान्याकडे निघतात. त्याआधी सूट काढा, बर्फाच्या पाण्याच्या टाकीत छातीपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टाकी नसेल तर नळीने पाणी सोडा आणि पंखा लावा. तोवर गाडी बोलवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

त्या तीन मृत्यूंनंतर अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने जानेवारी १९९८मध्ये रबरी सूट आणि सॉना बंद केले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या बंद केल्या, प्रत्येक गटाला सात पौंड वाढवून दिले आणि वजन लढतीच्या तासा-दोन तास आधी घ्यायचं ठरवलं. पुढच्या हंगामापासून खरा बदल आला. हंगाम सुरू होण्याआधीच मल्लाच्या लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून तिची सापेक्ष घनता पाहायची. ती १.०२० किंवा कमी असेल तरच वजन घ्यायचं, म्हणजे मल्ल पाणी प्यालेला असतानाच त्याचं खरं वजन नोंदलं जातं. मग शरीरातली चरबी मोजून त्याला किती खाली उतरू द्यायचं ते आधीच ठरवायचं. एक पळवाट राहते ती अशी, की घडाघडा पाणी पिऊन आलेल्याची लघवी पातळ होते, पण पेशी अजून कोरड्याच असतात. तरीही त्यानंतर त्या प्रकारचे मृत्यू महाविद्यालयीन कुस्तीत जवळपास थांबले, याचं श्रेय मला नियमांच्या वेळेला द्यावंसं वाटतं, मल्लांच्या शहाणपणाला नव्हे.

अमेरिकेतल्या शाळांसाठीची मोजपट्टी अजून साधी आहे. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट नाही, आणि चरबी मुलांमध्ये ७ टक्क्यांच्या, मुलींमध्ये १२ टक्क्यांच्या खाली नाही. एखाद्या तालमीतला सोळा वर्षांचा मुलगा घ्या. पाणी पिऊन वजन ६० किलो, चरबी १२ टक्के. वस्तादांच्या मनात ५५चा गट आहे. आठवड्याला दीड टक्का म्हणजे ९०० ग्रॅम. नुसत्या त्या हिशेबाने पाच किलोंना सहा आठवडे लागतील, जमेल असं वाटतं. मग चरबीचा हिशेब करा. ६० किलोंत ७.२ किलो चरबी, उरलेले ५२.८ किलो हाडं, स्नायू, पाणी. ते ५२.८ किलो तसेच ठेवून चरबी ७ टक्क्यांवर आणली तर वजन येतं सुमारे ५६.८ किलो. त्याच्या खाली जे जाईल ते स्नायूंतलं किंवा पाण्यातलं असेल. या मुलाला ५५चा गट सहा आठवड्यांतही नाही आणि बारा आठवड्यांतही नाही. त्याचा अर्ज ६०च्या रकान्यात भरायचा आहे.