मुलाची गोष्ट नीट लिहिताना काय पुसायचं, काय ठेवायचं

फील्डवर्कमध्ये मुलांशी बोललात की हातात येतं ते एका दमात सांगितलेलं, पुढे-मागे उड्या मारणारं बोलणं. अहवालात ते जसंच्या तसं छापलं तर वाचणारा दोन ओळींत थकतो. आणि सुधारून लिहिलं तर बऱ्याचदा त्याचा शाळेतला निबंध होतो. या दोन्हींच्या मधलं कसं साधायचं, ते एका नमुन्यावर बघू.

मुलांचं खरं रेकॉर्डिंग ब्लॉगवर टाकता येत नाही, म्हणून हा नमुना मी रचला आहे. प्रसंग मात्र अहिल्यानगर जिल्ह्यात ओळखीचा आहे: अकोले-संगमनेरकडे ऊसतोडीच्या दिवसांत उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. नऊ वर्षांची मुलगी सांगते आहे, असं समजा:

«मग ना, आम्ही उसात, म्हंजी मी आन दादा, मोती पन व्हता, मोती आमचा कुत्रा, तर आम्ही गेलो, आजी नको म्हणलेली आधीच, आन तिथं पिल्लं! बिबट्याची! दोन, नाय तीन! मांजरीएवढी. डोळे निळे निळे. मोती भुकलाच नाय, दादाच्या पायात घुसला. मग दादा म्हणला पळ, आन माझी चप्पल राहिली तिथंच, नवी व्हती. मग फॉरेस्टची गाडी आली, पिल्लं टोपल्यात ठिवली, आन रात्री त्यांची आई आली, काका म्हणले, दोघांना घेऊन गेली. चप्पल काय सापडली नाय.»

आधी फक्त तोंडी बोलण्याचा भाग काढा: ‘मग ना’, ‘म्हंजी’, अर्धवट सोडलेली वाक्यं. मग घटना घडल्या त्या क्रमाने लावा; आजीचं ‘नको’ सगळ्यात आधी येतं. शेवटी क्रियापदांची रूपं प्रमाण करा, पण ‘पिल्लं’चं ‘पिल्ले’ करू नका.

«आजी आधीच नको म्हणाली होती. मी आणि दादा उसात गेलो. आमचा कुत्रा मोतीपण होता. तिथं बिबट्याची पिल्लं होती! तीन! मांजरीएवढी. त्यांचे डोळे निळे निळे होते. मोती भुंकलाच नाही, दादाच्या पायात घुसला. मग दादा म्हणाला, “पळ!” माझी चप्पल तिथंच राहिली. नवी होती. मग फॉरेस्टची गाडी आली. त्यांनी पिल्लं टोपल्यात ठेवली. रात्री त्यांची आई आली आणि दोघांना घेऊन गेली, असं काका म्हणाले. चप्पल काही सापडली नाही.»

पहिल्या खर्ड्यात दुसरं वाक्य मी ‘तरी’ने सुरू केलं होतं. वाक्यं छान जुळत होती, पण मुलगी ‘तरी’ म्हणालीच नव्हती. त्या एका शब्दाने साधी हकीकत चुकीची कबुली झाली असती. जोडशब्द घालताना जास्तीत जास्त सावध राहा, कारण मोठ्या माणसाचा अर्थ तिथूनच आत शिरतो.

चप्पल मुख्य घटनेच्या दृष्टीने फालतू वाटते आणि पहिली कात्री तिच्यावरच चालते. पण विल्यम लबॉव आणि जोशुआ वालेट्स्की यांनी १९६७ मध्ये दाखवलं की तोंडी हकिकतीत घटना सांगणाऱ्या वाक्यांशिवाय, त्या सांगणाऱ्याला का महत्त्वाच्या वाटल्या हे दाखवणारा भागही असतो. इथे तो भाग ‘नवी होती’ हा आहे. तो काढलात की बातमी उरते, मुलगी जाते. ‘मांजरीएवढी’ हे मापही तिचंच आहे. त्याचे सेंटिमीटर करू नका.

आता आकड्याकडे बघा. पिल्लं तीन, पण आईने नेली दोघं. ‘दोन, नाय तीन’ ही तिने स्वतःच केलेली दुरुस्ती आहे, म्हणून शेवटचा आकडा घेतला. ‘दोघांना’ मात्र ‘तिघांना’ करायचा अधिकार आपल्याला नाही. वनखाते पिल्लं सापडली त्याच जागी ठेवतं आणि मादी एकेक तोंडात धरून नेते. तिसरं मागे राहिलं असू शकतं, किंवा मुलगी मोजणीत चुकली असेल. तिला विचारा. तोवर विसंगती तशीच ठेवा. ‘असं काका म्हणाले’ हेही तितकंच जपा. ते गळलं की ऐकलेली गोष्ट पाहिलेली होते, आणि तुमच्या नोंदीत खोटा साक्षीदार तयार होतो.

लिहून झालं की मजकूर मुलीला वाचून दाखवा. ‘मी असं नव्हते म्हणले’ म्हणून ती जिथे अडवेल, तिथे तुमचा शब्द शिरलेला असतो. ‘घाबरगुंडी उडाली’ किंवा शेवटी ‘म्हणून मोठ्यांचं ऐकावं’ असं काही दिसलं, तर तो निबंधच झाला. उलट, गोड वाटावं म्हणून बोबडे शब्द पेरणं हीसुद्धा भेसळच.

तुमचा अभ्यास मुलांच्या भाषेचाच असेल, तर यातलं काहीच करू नका. पहिला मजकूर हाच तुमचा डेटा. बाकीच्यांनीही दोन्ही मजकूर एकाच क्रमांकाने जतन करावेत. तपासणाऱ्याला ‘तीन’ आणि ‘दोघांना’ कुठून आले, हे मुळातच बघता आलं पाहिजे.