कोणाला काय ठाऊक आहे?

रोजच्या मालिकेचा अर्धा तास जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटांचा उरतो. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होतात, म्हणजे शंभर तासांहून जास्त गोष्ट. चाळीसेक चित्रपट एकामागून एक, तीच माणसं आणि तेच घर घेऊन! शिवाय ही गोष्ट एकाच्या हातची नसते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथाकार पुढच्या दोन महिन्यांचा विचार करत असतो, पटकथाकार या आठवड्याच्या भागांत गुंतलेला असतो आणि संवादलेखकाकडे सेटवरून दुपारच्या सीनची पानं मागितली जात असतात. सुनेच्या माहेरचं गाव सहाशे भागांपूर्वी कोणतं सांगितलं होतं, हे यांतल्या एकालाही आठवत नाही. रोज साडेसातला टीव्हीसमोर बसणाऱ्या आजींना मात्र पक्कं आठवतं.

म्हणून मालिकेचं ‘बायबल’ ठेवावं लागतं. हा या धंद्यातलाच शब्द आहे. मालिका मंजूर होताना चॅनेलपुढे जे ठेवलं जातं, ते बायबलचं पहिलं रूप : मूळ कल्पना, प्रत्येक पात्राचा स्वभाव, नातेसंबंध आणि पहिल्या काही महिन्यांच्या कथेचा आराखडा. मालिका सुरू झाली की त्यात रोज भर पडायला हवी. पात्राचं वय लिहायचं नसतं, जन्मसाल लिहायचं असतं. ‘धाकटा मुलगा, वय २४’ असं लिहिलं तर चार वर्षांनीही तो चोवीसचाच राहतो. लग्नाची तारीख, वडील कधी वारले, घराच्या खोल्या किती आणि देवघर कुठे, कोण कोणाला ‘वहिनी’ म्हणतं आणि कोण ‘ताई’, हे सगळं त्यात येतं.

पण बायबलचं सगळ्यांत मोलाचं पान वेगळंच असतं : कोणाला काय ठाऊक आहे. कौटुंबिक मालिका गुपितांवर चालते, आणि तिथली चूक प्रेक्षकांना सर्वांत आधी खटकते. समजा, थोरल्या भावाने कुणाला न सांगता राहतं घर गहाण टाकलंय. भाग ३१२ मध्ये त्याच्या बायकोला बँकेची नोटीस सापडते. भाग ३१८ मध्ये ती स्वयंपाकघरात धाकट्या जावेला सांगते. सासूला यातलं काहीच माहीत नाही. आता भाग ३४० लिहिताना सासूच्या तोंडी ‘घरावर संकट आहे, जपून खर्च करा’ असं वाक्य सहज जाऊ शकतं. लेखकाला गुपित माहीत असतं, म्हणून ते पात्रालाही माहीत आहे असा भास त्याला होतो. त्या एका वाक्याने पुढच्या महिन्यात ठेवलेला मोठा प्रसंग, म्हणजे सासूला सगळं कळण्याचा क्षण, फुकट जातो.

याला उपाय साधा आहे. प्रत्येक गुपितासाठी एक तक्ता करायचा : कोणाला, कोणत्या भागात, कोणाकडून कळलं. मात्र हा तक्ता लिहिलेल्या पानांवरून भरायचा नाही, प्रसारित झालेल्या भागावरून भरायचा. भाग ३१८ लांबला म्हणून एडिटरने स्वयंपाकघरातला सीन कापला असेल, तर लेखकांच्या लेखी जावेला सगळं माहीत आहे, पण प्रेक्षकांनी ते पाहिलेलंच नाही. अशा वेळी तो सीन पुढच्या भागात घ्यायचा, नाहीतर जावेचं नाव तक्त्यातून खोडायचं.

दुसरी अडचण वेळेची. आपल्या मालिकांमध्ये संक्रांत, गणपती, दिवाळी खऱ्या पंचांगाप्रमाणे येतात, त्यामुळे वर्षाला वर्ष सरतं. उलट ट्रॅक, म्हणजे कथेचा एकेक सलग टप्पा, कधी एकाच रात्रीची गोष्ट आठवडाभर सांगतो. ही दोन घड्याळं सर्वांत जास्त भांडतात ती गरोदरपणात. समजा, धाकट्या सुनेचं बाळ ऐन गणपतीत, सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मायला हवं आहे. गोड बातमी साधारण दोन महिने झाल्यावर कळते, म्हणजे ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्यावी लागेल. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या आसपास येईल. फेब्रुवारी ते सप्टेंबर म्हणजे जवळपास १८० भाग हाताशी आहेत. पण मधेच गहाणखताचा ट्रॅक रंगला आणि दोन महिन्यांच्या भागांत कथेतले जेमतेम पाच दिवस गेले, तर जूनमध्ये सून कथेच्या हिशेबाने अजून पाचव्याच महिन्यात असते. म्हणून बायबलमध्ये प्रत्येक भागापुढे दोन रकाने असतात : प्रसारणाची तारीख आणि कथेतला दिवस. दोघांमधलं अंतर वाढायला लागलं की एखाद्या शांत जागी, म्हणजे कोर्टाच्या दोन तारखांच्या मध्ये किंवा कुणी गावाहून परतताना, महिना-दीड महिना पुढे सरकून घ्यायचा. ट्रॅक ऐन रंगात असताना असं सरकता येत नाही.

ट्रॅकची आखणीही शेवटाकडून केली तरच टिकते. दर आठवड्याला टीआरपी येतो आणि त्यावरून ट्रॅक ताणायचा की गुंडाळायचा हे ठरतं. मधली वाट लवचीक ठेवावी, पण मुक्काम आधी ठरलेला असावा : ट्रॅक संपेल तेव्हा घर कोणाच्या नावावर असेल, कोण कोणाशी बोलत नसेल, कोणाला काय कळलेलं असेल. एवढं कागदावर असलं की सहा आठवड्यांचा ट्रॅक बारा आठवडे चालला तरी गोष्ट भरकटत नाही.

दुसऱ्या भाषेतून घेतलेल्या मालिकेला हा नकाशा सुरुवातीला आयता मिळतो, पण तो कायम पुरेलच असं नाही. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. मूळ मालिका २०२१ च्या अखेरीस संपली, मराठी मालिका मात्र २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. जवळपास तीन वर्षं पुढे मूळ मालिकेची वाटच उरली नव्हती. अशा वेळी आजवर मराठीत काय सांगून झालंय याची नोंद हाच आधार असतो.

बायबल असूनही ते मोडावं लागतं, असे प्रसंग येतात. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहिरचा मृत्यू दाखवला, प्रेक्षक खवळले आणि मिहिरला परत आणावं लागलं. त्यासाठी अपघातानंतर त्याची स्मृती गेली होती, असं दाखवलं गेलं. असं वळण घेताना मेलेला माणूस कसा वाचला एवढंच सांगून भागत नाही. त्याच्या मृत्यूनंतर घरातल्या प्रत्येकाने जे निर्णय घेतले, त्या सगळ्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. जो मांडला जात नाही तो प्रेक्षक मांडतात. कलाकार बदलतो तेव्हा मात्र प्रेक्षक समजूतदारपणे वागतात. चेहरा नवा असला तरी पात्राच्या आठवणी त्याच असल्या की दोन आठवड्यांत ते त्याला स्वीकारतात.

आपल्या आवडत्या मालिकेचं बायबल जागं आहे का, हे घरबसल्या ओळखता येतं. एक गुपित निवडा आणि महिनाभर त्याच्यामागे जा. गुपित फुटल्यावर ज्यांना ते आधीच ठाऊक होतं, ते वेगळं वागतात का ते पाहा. ज्या जावेला तीन आठवड्यांपूर्वी सगळं सांगून झालं होतं, तिच्याच चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटला आणि ती तोंडावर हात ठेवून ‘काय?’ म्हणाली, तर लेखनाच्या टेबलावर तो तक्ता कुणी भरत नाही, असं खुशाल समजा.