5 कोटी 70 लाख पेनी गेल्या कुठे?

इ.स. 991 ते 1018 या 27 वर्षांत इंग्लंडने उत्तरेकडून आलेल्या आरमारांना 2,37,500 पौंड चांदी मोजली. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या वर्षवार बखरीतील सात मोठ्या नोंदींची ही बेरीज आहे. त्या काळी एक पौंड म्हणजे 240 पेनी. म्हणजे ही रक्कम 5 कोटी 70 लाख नाण्यांची झाली. स्थानिक पातळीवर दिलेली खंडणी यात धरलेली नाही. उदाहरणार्थ, 1009 मध्ये पूर्व केंटने स्वतंत्रपणे 3,000 पौंड दिले.

पहिला हप्ता 991 चा, 10,000 पौंडांचा. 994 मध्ये तो 16,000 झाला, म्हणजे 60 टक्के वाढला. 1002 मध्ये 24,000 आणि 1007 मध्ये 36,000, म्हणजे दोन्ही वेळा वाढ 50 टक्के. 1012 मध्ये 48,000. पैसे दिल्याने हल्ले थांबले नाहीत, पुढच्या मागणीचा पाया मात्र उंचावत गेला.

1014 मध्ये आकडा 21,000 वर आला, 1012 च्या तुलनेत 56 टक्के कमी. कारण ही रक्कम हल्लेखोरांना दिलेली नव्हती. 1012 मध्ये थोर्केल हा सरदार 45 जहाजांसह राजा एथेलरेडच्या चाकरीत आला होता, आणि ग्रीनिचला नांगर टाकून असलेल्या फौजेचा हा पगार होता. तो भागवण्यासाठी बसवलेला ‘हेरेगेल्ड’ हा कर 1051 पर्यंत चालू राहिला. लुटारूचा मोबदला 39 वर्षे सरकारी खर्चात बसला.

1018 चा आकडा सर्वांत मोठा: देशाकडून 72,000 आणि लंडनकडून वेगळे 10,500, एकूण 82,500 पौंड. तो वसूल करणारा क्नूट हा हल्लेखोरांचा नेता तोवर इंग्लंड जिंकून तिथला राजा झाला होता. या पैशातून त्याने सैन्याचा हिशेब चुकता केला, बहुतेक आरमार डेन्मार्कला परत पाठवले आणि 40 जहाजे ठेवून घेतली. एकूण रकमेपैकी 35 टक्के रक्कम अशी विजयानंतर वसूल झाली.

पैसा घेऊन घरी गेलेल्यांचा माग एका दगडावर लागतो. स्वीडनच्या उपलांड प्रांतातील एका रूनशिळेवर उल्फ नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये तीन वेळा खंडणीचा वाटा घेतल्याची नोंद आहे: पहिला टोस्टीकडून, दुसरा थोर्केलकडून, तिसरा क्नूटकडून. तीन सरदार बदलले, शिपाई तोच राहिला.

नाण्यांचा हिशेब मात्र जुळत नाही. एथेलरेडच्या पेनी आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडतात, पण तिथल्या सगळ्या इंग्लिश पेनींची संख्या लाखाच्या आत आहे. 5.7 कोटींच्या तुलनेत हे प्रमाण 0.2 टक्क्यांहूनही कमी. बरीच चांदी वितळवली गेली, त्यामुळे एवढ्यावरून गेलेल्या रकमेचे माप काढता येत नाही. त्याहून बोलका आकडा जर्मन नाण्यांचा आहे. स्वीडनमधील साठ्यांत ती इंग्लिश नाण्यांपेक्षा जास्त आहेत, आणि जर्मनीने त्या काळात अशी खंडणी दिलेली नाही. ती चांदी मुख्यतः व्यापारातून आली. मग इंग्लिश नाण्यांपैकीही किती खंडणीची आणि किती मालाच्या मोबदल्याची, हे केवळ ती सापडल्यावरून ठरत नाही.

पेनी जवळून पाहिली तर तिच्या पाठीवर टांकसाळीचे आणि नाणे पाडणाऱ्याचे नाव दिसते: लंडन, यॉर्क, लिंकन. उत्तरेत सापडलेल्या कित्येक नाण्यांवर सुरीच्या टोकाने पाडलेले बारीक टोचेही असतात. घेणारा धातू खरा आहे का, हे तसे तपासत असे. टोचे जितके जास्त, तितके ते नाणे अधिक हातांतून फिरले असावे. एकदा लुटून लगेच पुरलेल्या चांदीवर असे टोचे साचत नाहीत.

शेवटी खुद्द बखरीचे आकडे. 24,000, 36,000, 48,000 आणि 72,000 हे चारही 12,000 च्या पटीत आहेत. 991 ते 1016 चा वृत्तांतही घटनांनंतर, पराभव ठाऊक असलेल्या माणसाने लिहिला. याउलट 1041 च्या नोंदीत 21,099 आणि 11,048 पौंड असे सुटे आकडे येतात. दुसरी रक्कम 32 जहाजांची, म्हणजे जहाजामागे सुमारे 345 पौंड. इतिहासकार एम. के. लॉसन यांनी बखरीतील हे मोठे आकडे विश्वसनीय मानले, तर इतिहासकार जॉन गिलिंगहॅम यांनी त्यांवर शंका घेतली. त्यामुळे 5.7 कोटी ही बखरीची बेरीज म्हणून वाचावी, खजिन्याची पावती म्हणून नव्हे. त्यातील पैसा कोणाच्या हाती गेला हा क्रम मात्र आकडे कमी-जास्त झाले तरी टिकतो: आधी हल्लेखोर, मग पगारी आरमार, शेवटी राजा.