दादींच्या व्हिडिओ कॉलसाठी फोनला वायर

आमच्या दादींना कमी ऐकू येतं. समोरच्याच्या ओठांवरून त्या निम्मं बोलणं समजून घेतात. त्यामुळे रविवारी इशानंतर लंडनहून आपाचा व्हिडिओ कॉल आला आणि चित्र गोठलं, की दादींपुरतं बोलणंच थांबतं. आवाज आम्हाला ऐकू येत राहतो, त्या मात्र आमच्या तोंडाकडे बघत बसतात.

इंटरनेटचा वेग मोजला तर भरपूर निघाला. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. मग अडत कुठे होतं? राउटर बैठकीत, दादींची खोली दोन जाड भिंतींपलीकडे, आणि फोनवर शेजाऱ्यांची वीसेक वायफाय नावं दिसत होती. रात्री सगळे एकाच वेळी जोडलेले असतात. हवेत संदेश एकमेकांवर आदळतात, मग ते पुन्हा पाठवावे लागतात आणि उशिरा पोहोचतात. सिनेमा आधी थोडा साठवून ठेवता येतो. समोरासमोरच्या बोलण्यात तेवढा वेळ नसतो.

खरेदीआधी आम्ही एक कॉल राउटरशेजारी बसून केला. तिथे चित्र स्वच्छ आलं, म्हणजे खोट हवेतल्या वाटेत होती. तिथेही अडकलं असतं तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा किंवा आपाच्या बाजूचा, आणि वायरीचा खर्च वाया गेला असता.

मग यूएसबी-सी इथरनेट अडॅप्टर आणला. १०० एमबीपीएसचा साधाही कॉलला पुरतो, पण चार्जिंगचं भोक असलेला घ्यावा. कारण अडॅप्टर फोनचीच वीज खातो आणि चार्जरची जागाही अडवतो. भिंतीच्या कडेने कॅट ५ई केबल नेली. तिचं एक टोक राउटरच्या LAN लिहिलेल्या भोकात लावलं. WAN लिहिलेल्या भोकात बाहेरची लाइन येते, त्याला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. काही अँड्रॉइड फोनांत सेटिंगमध्ये OTG आधी चालू करावं लागतं, आमचा त्यातलाच निघाला. नंतर वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करून एक पान उघडलं. उघडलं, म्हणजे इंटरनेट नक्की वायरीतूनच येतंय. बऱ्याच फोनांत सेटिंगमध्ये Ethernet असं नावही दिसतं. यूएसबी-सी असलेल्या आयफोनलाही हा अडॅप्टर चालतो.

फोन हातात घेऊन घरभर फिरणाऱ्याला याचा उपयोग नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर आधी त्याचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरून पाहावं, तेवढ्यानेही भागतं. दादींचा फोन मात्र आता टेबलावर स्टँडमध्ये असतो. मागच्या रविवारी त्यांनी आपाला मध्येच थांबवलं, "चष्मा कधी बदललास गं?"