कप कुठला, ताक कुठलं?

अमेरिकी बटरमिल्क पॅनकेकची ही एक साधी कृती : १ कप मैदा, १ कप बटरमिल्क, १ अंडं, १ टेबलस्पून साखर, १ टेबलस्पून वितळवलेलं बटर, अर्धा टीस्पून खायचा सोडा, पाव टीस्पून मीठ. मराठीत आणताना ती बिघडते ती काही ठरावीक गैरसमजांमुळे.

सगळं एकाच कपाने मोजलं की कप कुठलाही चालतो, असं अनेकांना वाटतं. भात लावताना ते खरंही आहे. इथे मात्र कपाने मोजायचे ते फक्त मैदा आणि बटरमिल्क. सोडा चमच्याने मोजायचा आणि अंडं अख्खं. अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा असतो. घरातला १५० मिलीचा चहाचा कप घेतला, तर सोड्याचं प्रमाण दीडपटीहून जास्त होतं. म्हणून मराठीत ‘मैदा १२० ग्रॅम’, ‘बटरमिल्क २४० मिली’ असं लिहावं. नुसतं ‘चमचा’ही लिहू नये, टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा, म्हणजे तिप्पट फरक.

सर्वांत महागात पडतो तो ‘बटरमिल्क म्हणजे ताक’ हा समज. तिकडे दुकानात मिळणारं बटरमिल्क विरजण लावून आंबवलेलं, दाट असतं. आपलं ताक दह्यात पाणी घालून घुसळलेलं. पातळ ताकाने पीठ तव्यावर पसरतं, हे लगेच दिसतं. न दिसणारा घोटाळा आंबटपणाचा. सोड्यातून वायू सुटायला आम्ल लागतं. ते कमी पडलं की सोडा उरतो, पॅनकेक बसका राहतो आणि साबणासारखी चव लागते. बटरमिल्कऐवजी नुसतं दूध सुचवणं तर साफ चूक. १८० मिली आंबट दही आणि ६० मिली पाणी एकत्र फेटून घ्या, असं लिहिलं की दाटपणा आणि आंबटपणा दोन्ही सांभाळले जातात. मिठाचं बटर वापरायचं असेल, तर वरचं मीठ कमी करावं.

क्रम तसाच ठेवायचा म्हणजे मूळ वाक्यांमागून वाक्यं लिहीत जायचं, हाही गैरसमज. क्रम कामांचा सांभाळायचा. मूळ कृतीत शेवटी ‘तापलेल्या तव्यावर ओता’ असं असतं. तसंच उतरवलं, तर वाचणारा पीठ कालवून मग तवा तापत ठेवतो, आणि तेवढ्यात बराचसा वायू निघून जातो. मराठीत ते असं यावं : कोरडे जिन्नस एकत्र करा. दुसऱ्या भांड्यात अंडं, दह्याचं मिश्रण आणि बटर फेटा. तवा मध्यम आचेवर तापवा. आता दोन्ही मिश्रणं एकत्र करा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील, जास्त घोटू नका. लगेच डावभर पीठ तव्यावर घाला. वर आलेले बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली आणि कडा सुकल्या की मगच उलटा.