ठराव सापडत का नाही?

बँकेत सही करणारे पदाधिकारी बदलले की बँक गृहनिर्माण संस्थेकडे ठरावाची प्रत मागते. मग चिटणीस इतिवृत्ताची वही उघडतात आणि दोन-तीन वर्षांची पानं चाळत बसतात. ठराव तिथंच असतो, पण चहापाण्याच्या खर्चाची चर्चा आणि पार्किंगवरची खडाजंगी यांच्यामध्ये दडलेला. यावर उपाय म्हणजे वेगळी ठराव नोंदवही. मूळ वहीला मात्र हात लावायचा नाही. सह्या तिच्यावर आहेत, त्यामुळे पुरावा तीच. नोंदवहीचं काम वाट दाखवण्याचं, म्हणून तिच्यात मूळ पानाचा क्रमांक हवाच.

एक नमुना घेऊ. १२ मे २०२४ च्या सभेत लिहिलंय: ‘टाकीच्या गळतीबाबत खजिनदारांनी तीन दरपत्रके वाचून दाखवली. सर्वांत कमी दराचे स्वीकारावे असे सौ. कुलकर्णी यांनी सुचवले, श्री. शेख यांनी अनुमोदन दिले. सर्वानुमते मंजूर. तसेच खर्च दुरुस्ती निधीतून करण्याचे ठरले.’

हा एकच परिच्छेद असला तरी निर्णय दोन आहेत, म्हणून नोंदीही दोन. पहिली २०२४-२५/०३, सूचक सौ. कुलकर्णी. खजिनदार बोलले सगळ्यात जास्त, पण त्यांनी फक्त माहिती दिली. घाईत नोंद करणारा नेमकं त्यांचंच नाव सूचक म्हणून टाकतो. दुसरी २०२४-२५/०४. तिचा सूचक वहीत नाही, तेव्हा ‘नोंद नाही’ असंच लिहायचं. ‘त्याही बाईच असणार’ हा तर्क कितीही पटला तरी चालणार नाही.

क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे दिला तर मार्चमधली सभा आधीच्या वर्षात जाते, हे विसरू नये. मूळ वहीत ठरावाला आधीच क्रमांक असेल तर तो पुसून नवा देऊ नका, कारण बँकेला पूर्वी दिलेल्या प्रतीवर तोच आहे. नव्या क्रमांकाशेजारी जुन्यासाठी एक रकाना ठेवा. एक्सेलमध्ये काम करत असाल तर तो रकाना आधीच मजकूर स्वरूपात करून घ्या, नाहीतर `7/24` टाइप केलं की त्याची तारीख होऊन बसते.

तारीख सभेची घालायची, इतिवृत्त कायम झालं त्या दिवसाची नाही. पण पुढच्या सभेचा पहिला विषय वाचल्याशिवाय नोंद पक्की करू नये. मागील इतिवृत्त वाचून कायम करताना दुरुस्त्या तिथंच होतात: रक्कम बदलते, कधी सूचकाचं नावही.

पुढं एखादा ठराव रद्द झाला तरी त्याची ओळ खोडायची नाही. शेरा रकान्यात ‘ठराव क्र. २०२४-२५/११ अन्वये रद्द’ एवढं लिहायचं आणि अकराव्या ठरावासमोर चौथ्याचा उल्लेख करायचा. नेमका हा दुसरा उल्लेख राहून जाऊ शकतो.