पीई स्वस्त म्हणतो, लाभांश काय म्हणतो?

शेवंती मसाले लिमिटेड ही एक काल्पनिक कंपनी आहे. हळद, तिखट आणि गोडा मसाला दळून ती पाकिटबंद विकते, असे समजू. तिचे २ कोटी शेअर आहेत, प्रत्येकाचे दर्शनी मूल्य १० रुपये आणि बाजारातला भाव २४० रुपये. गेल्या आर्थिक वर्षात कर भरून झाल्यावर तिला ३० कोटींचा नफा झाला. मग २४० रुपयांना हा शेअर स्वस्त की महाग?

वित्तशास्त्राचा विद्यार्थी आधी पीई काढतो. ३० कोटींचा नफा २ कोटी शेअरमध्ये वाटला की प्रतिशेअर नफा, म्हणजे ईपीएस, १५ रुपये येतो. २४० ला १५ ने भागले की पीई १६. म्हणजे वर्षाला एक रुपया कमावणाऱ्या धंद्यासाठी बाजार १६ रुपये मोजतो आहे. याच धंद्यातल्या इतर कंपन्यांचा सरासरी पीई २२ आहे असे धरू. मग १५ गुणिले २२ म्हणजे ३३० रुपये. शेअर २४० ला मिळतोय, तेव्हा घ्यायला हरकत नाही, असे उत्तर लिहून विद्यार्थी मोकळा होतो.

नफ्यात नेमके काय आहे?

नफा-तोटा पत्रक सावकाश वाचले तर करपूर्व नफ्याच्या जरा वर ‘अपवादात्मक बाबी’ अशी एक ओळ सापडते. शेवंतीने गोदामाची जुनी जागा विकली आणि कर वजा जाता त्यातून ६ कोटी आले. ही रक्कम खरी आहे, हिशेबात लबाडीही नाही. पण ती जागा पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. पीईने आपण नफ्याला २२ ने गुणतो तेव्हा हा नफा दरवर्षी येत राहील असे गृहीत धरतो. एकदाच आलेल्या ६ कोटींनाही २२ ने गुणले की उत्तर फुगते.

मसाल्याच्या धंद्यातून झालेला नफा २४ कोटी, म्हणजे ईपीएस १२ रुपये. आता पीई १६ नव्हे, २० झाला. इतरांच्या २२ ने गुणले तर किंमत २६४ रुपये येते. स्वस्ताई आहे, पण मघाच्या मानाने बरीच कमी.

शिवाय इतर कंपन्यांचा पीई २२ आहे म्हणून शेवंतीचाही तेवढा असावा, हे गृहीतकच आहे. तेजीत सगळे मसालेवाले महाग झाले असतील, तर त्यांच्याशी तुलना करून शेवंती फक्त त्यांच्या मानाने स्वस्त ठरते. २२ हा आकडा योग्य आहे का, याचे उत्तर पीईजवळ नसते. त्यासाठी लाभांशाकडे वळावे लागते.

भागधारकाच्या हातात काय पडते?

शेवंतीने ६० टक्के लाभांश जाहीर केला. इथे नवखे विद्यार्थी हमखास चुकतात. आपल्याकडे हे टक्के दर्शनी मूल्यावर मोजतात, बाजारभावावर नाही. १० रुपयांवर ६० टक्के म्हणजे प्रतिशेअर ६ रुपये. २४० रुपये गुंतवणाऱ्याला वर्षाला ६ रुपये मिळाले, म्हणजे अडीच टक्केच. २०२० पासून हा लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे कर गेल्यावर हातात आणखी कमी उरते.

अडीच टक्क्यांसाठी कोणी शेअरची जोखीम का घ्यावी? कारण लाभांश वाढत जाईल ही आशा. ही वाढ कुठून येते तेही पाहता येते. शेवंतीने १२ रुपयांपैकी ६ वाटले आणि ६ धंद्यात ठेवले. ताळेबंदात भागधारकांचा निधी १६० कोटी आहे आणि त्यावर २४ कोटींचा नफा होतो, म्हणजे परतावा १५ टक्के. निम्मा नफा राखून त्यावर १५ टक्के मिळवले, तर नफा आणि त्यामागोमाग लाभांश वर्षाला साडेसात टक्क्यांनी वाढेल.

आता गुंतवणूकदार किती परतावा मागतो तो आकडा हवा. मुदत ठेवीपेक्षा जोखीम जास्त आहे, म्हणून १२ टक्के धरू. शेअरची किंमत म्हणजे पुढे मिळणाऱ्या सगळ्या लाभांशांचे आजचे मूल्य, हा विचार जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये सविस्तर मांडला. पुढे मायरन गॉर्डन यांच्या नावाने त्याचे सुटसुटीत सूत्र रूढ झाले:

किंमत = पुढच्या वर्षीचा लाभांश ÷ (अपेक्षित परतावा − वाढीचा दर)

पुढच्या वर्षीचा लाभांश ६ रुपये ४५ पैसे. त्याला १२ वजा साडेसात, म्हणजे साडेचार टक्क्यांनी भागले की १४३ रुपये येतात. इतरांच्या पीईने २६४ दाखवले, लाभांशाने १४३, आणि बाजारभाव दोहोंच्या मध्ये २४०.

सूत्राचा नाजूक सांधा

यातले खरे कोणते, असे विचारण्याआधी सूत्र थोडे हलवून पाहावे. वाढीचा दर साडेसातऐवजी साडेआठ टक्के धरला, तर किंमत १८६ होते. साडेसहा धरला तर ११६. एका टक्क्याच्या फरकाने एवढी उलथापालथ होते, कारण आपण एका लहानशा फरकाने भागतो आहोत. वाढ १२ टक्के किंवा त्याहून जास्त धरली तर सूत्र कोलमडते. कोणतीही कंपनी देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा जास्त वेगाने कायम वाढू शकत नाही, म्हणून या दराला वरची मर्यादा असतेच. लाभांश न देणाऱ्या कंपनीला सूत्र लावता येत नाही, आणि तोट्यातल्या कंपनीच्या पीईला अर्थ नसतो.

मग सूत्राचा उपयोग काय? ते उलटे चालवून पाहावे. भाव २४० आणि अपेक्षित परतावा १२ टक्के धरला, तर बाजाराने वाढीचा कोणता दर मनात धरला आहे? उत्तर येते सुमारे ९.३ टक्के. पीई २० या आकड्यात हेच गृहीतक दडलेले आहे. साडेसात टक्क्यांची वाढ धरली असती, तर पीई १२ च्या आसपास राहिला असता. म्हणजे पीई आणि लाभांश या दोन वेगळ्या पद्धती नाहीत. किती नफा वाटला, तो किती वेगाने वाढेल आणि गुंतवणूकदार किती परतावा मागतो, या तीन गोष्टींचे सार म्हणजे पीई.

आता प्रश्न तपासता येण्यासारखा झाला. निम्मा नफा वाटत राहून ९.३ टक्क्यांनी वाढायचे, तर शेवंतीला भागधारकांच्या निधीवर १५ नव्हे, साधारण साडेअठरा टक्के कमवावे लागतील. तिने मागच्या काही वर्षांत तेवढे कधी कमावले का, हे वार्षिक अहवालांत दिसेल. मिरचीचे भाव चढले तेव्हा पाकिटाची किंमत वाढवूनही खप टिकला का, हेही त्यातून कळेल. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर २४० रुपये रास्त म्हणता येतील. नसतील तर शेजाऱ्यांचा पीई २२ असला, तरी हा शेअर महागच आहे.